तात्यांच्या कानातला फाया

हिंदुरावतात्यांचं नाक हे आमच्या भागात सरकारी मोजमापासारखं मानलं जायचं. बारामती-इंदापूर रस्त्यावर, काटेवाडी सोडून भवानीनगरकडं निघालं की डाव्या हाताला दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. गावोगावच्या सोसायट्यांचे कॅन पहाटे टेम्पोतून तिथं उतरायचे. तात्या कॅन उतरवायच्या ओट्यावर, म्हणजे डॉकवर उभे. झाकण फटकन उघडायचं, उलटं करायचं, नाकाशी न्यायचं, की झाला निकाल. चांगला कॅन टाकीत. संशयाचा कॅन बाजूला, आणि त्याचा नमुना लॅबच्या खिडकीत. कुठल्या गावच्या म्हशीनं काल लसूणघास खाल्ला आणि कुठल्या गवळणीनं कॅन धुवायचा कंटाळा केला, हे तात्या तिथल्या तिथं सांगायचे, आणि ते ऐकायला नको म्हणून टेम्पोवाले कॅन उतरवून चहाला पळायचे.

लॅबच्या खिडकीमागं प्रियदर्शनी बसायची. मूळची शेळगावची. वडील शिक्षक, त्यांनी हट्टानं तिला बीएस्सी केलं होतं, आणि शहाण्णव साली ती इथं केमिस्ट म्हणून लागली. तात्यांनी बाजूला काढलेलं दूध ती उकळून बघायची. फाटलं की कॅन परत. तात्यांचं आणि तिचं उत्तर सहसा एकच यायचं. त्यामुळं दोघांचं जमायचं. तात्या तिला पोरी म्हणायचे आणि ती गैरहजर असली की नवीन माणसाला दिवसभर छळायचे.

त्या उन्हाळ्यात मात्र काहीतरी बिघडलं. केंद्रातून गेलेला एक टँकर मुख्य डेअरीनं आंबट म्हणून परत पाठवला. पंधरवडा गेला नाही तोच दुसरा. व्यवस्थापक आप्पासाहेबांना वरून फोनवर जे काही ऐकावं लागलं, ते त्यांनी व्याजासकट खाली उतरवलं. त्यांचं अनुमान तयारच होतं. तात्यांचं वय झालं, नाक गेलं, आता त्यांना पशुखाद्याच्या गोदामात बसवावं. तिथं पोती मोजायला नाक लागत नाही. तात्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. डॉकवरून उठवून पेंडीच्या पोत्यांवर बसवणं म्हणजे त्यांना जिवंतपणी फोटोत घालण्यासारखं होतं.

प्रियदर्शनीला पटेना. दुसऱ्या दिवशी ती स्वतः डॉकवर गेली. तात्यांनी एक झाकण उघडून कौतुकानं तिच्याही नाकाशी धरलं. तिला आलं ते दूध नव्हतं. तिला आली हीना. गडद, गोडसर, लग्नमंडपात शेजारच्या खुर्चीवरून येते तशी. तात्यांच्या उजव्या कानाच्या वळीत अत्तराचा फाया खोचलेला होता. झाकण हुंगायला ते वाकले की कान बरोबर झाकणावर यायचा. मनगटालाही चोळलेलं होतं, म्हणजे झाकणही अत्तराचंच. नाक शाबूत होतं. फक्त त्याच्या दारात कुणीतरी अत्तराचा टँकर उभा केला होता.

तिनं आप्पासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सोपं आहे, नाव न घेता सांगू, माणूस दुखावत नाही. आणि त्यांनी फॅटचे आकडे लिहितात त्या फळ्यावर खडूनं सूचना लिहिली: सर्व कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.

दुसऱ्या दिवशी केंद्रात जे झालं ते दुधाच्या धंद्यात कुणी पाहिलं नसेल. कॅन धुणारा रविराज दोनदा अंघोळ करून आला आणि केसांना बायकोचा शांपू लावल्यामुळं दिवसभर मान ताठ धरून फिरला. वॉचमन साहेबराव इतकी पावडर थापून आले की टेम्पोवाल्यांनी त्यांना बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. हिशेबनीस बाईंना वाटलं, सूचना आपल्या चपलांवर आहे. त्या अनवाणी बसल्या. प्रत्येकाला वाटत होतं, बोट आपल्याकडंच आहे. एकट्या तात्यांना वाटलं नाही. त्यांनी फळा वाचून घेतला, मान डोलावली, आणि रविराजला म्हणाले, "बरं झालं साहेबांनी लिवलं. तुज्या बुटाचा वास म्या किती दिस सोसलाय, सांगितलं न्हाय." आणि इतरांना उदाहरण म्हणून त्यांनी दुसऱ्या कानातही फाया घातला.

आता मात्र आप्पासाहेबांची सहनशक्ती संपली. सोमवारच्या मीटिंगला सगळ्यांपुढं विचारतो, म्हणाले. चारचौघांत सांगितलं की माणूस सुधारतो.

"चारचौघांत सांगितलं की माणूस घरी बसतो, साहेब," प्रियदर्शनी म्हणाली. "मला सोमवारपर्यंत द्या."

साहेबांनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोरीबाळीनं वडील माणसाला असलं सांगायचं असतं का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता. पण सांगायचं काम आपल्यावरचं टळतंय म्हटल्यावर ते हो म्हणाले.

हो घेतलं खरं, पण तिला झोप येईना. वास हा विषय तिला नवा नव्हता. तिची आजी ताईबाई शेळगावात दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायची, तेव्हा तिला लांबून भाकरी टाकणारे लोक नाकाला पदर लावायचे. आजी ते सांगताना हसायची, पण भाकरीचं नाव घेतलं की तिचा आवाज खाली यायचा. धर्म बदलला, वडील मास्तर झाले, ही खुर्चीवर बसली, तरी वासावरून माणसाला बोलणं म्हणजे काय करणं असतं, हे तिला शिकवावं लागत नव्हतं. आणि आता हेच तिला तात्यांच्या बाबतीत करायचं होतं.

तोंडानं सांगायचं तर डॉकवर एकांत कुठला. टेम्पो घरघरतात, माणसं ओरडून बोलतात, तिथं कुजबुज करायला गेलं तर सगळेच ऐकायला थांबतात. तात्यांच्या घरी जावं तर सगळं घर भोवती बसणार. चिठ्ठी लिहायची ठरवली. पण चिठ्ठीतही खाचखळगे होते. निनावी लिहिली तर तात्या सगळ्या केंद्रावर संशय घेणार. दुसऱ्याच्या नावावर ढकलून, लोक म्हणतात असं लिहिलं, तर लोक कोण, याचा शोध चालू होणार. आणि सगळ्यात मोठा खळगा म्हणजे तात्यांचा चष्मा. चष्मा म्हाताऱ्यांना असतो, या तत्त्वावर तो त्यांनी घरी ट्रंकेत ठेवला होता. बारीक अक्षरातली चिठ्ठी दिली असती तर तात्यांनी ती जवळच्या टेम्पोवाल्याला वाचायला दिली असती, आणि टेम्पोवाल्यानं ती इंदापूरपर्यंत पोचवली असती.

पण तात्या कॅनवरची नावं मात्र लांबूनही वाचायचे. सोसायटीचं नाव लाल रंगात, विटेएवढ्या अक्षरात लिहिलेलं असायचं. प्रियदर्शनीनं तेवढंच मोठं लिहायचं ठरवलं. त्यामुळं एक झालं, की कागदावर जागाच राहिली नाही. पहिल्या मसुद्यात आदरणीय होतं, गैरसमज नसावा होतं, आपण मला वडिलांसारखे होतं. सगळं गेलं. माफी गेली, प्रस्तावना गेली, स्वच्छतेचा तर शब्दही गेला. नाक म्हातारं झालं का हा प्रश्नही गेला, कारण तो तिचा नव्हताच. उरलं ते असं:

तात्या, झाकण उघडलं की दुधाच्या आधी अत्तर येतं. डॉकवर तेवढं नको. हे फक्त तुम्हाला. प्रिया.

शनिवारी शेवटचा टेम्पो गेल्यावर तात्या नळावर हात धुवायला एकटे आले. तिनं चार घड्या केलेला कागद त्यांच्या हातात दिला, म्हणाली, घरी जाऊन वाचा, आणि उत्तराची वाट न बघता लॅबमध्ये निघून गेली. पण तात्यांनी काही घरी जाईपर्यंत धीर धरला नाही. खिडकीतून तिला दिसलं. त्यांनी कागद हात लांब करून वाचला. मग परत वाचला. मग तो खिशात घातला आणि कानांतले दोन्ही फाये काढून बोटांत धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

मग जे झालं ते तिला लांबून बघवेना. तात्यांनी कॅन धुवायच्या सोड्यात हात कोपरापर्यंत घासले. मनगटं, मान, कानाच्या वळ्या. आणि सदरा काढून बादलीत टाकला.

रविवारी केंद्र चालू असायचं. म्हशींना रविवार नसतो. तात्या आले, पण तिच्याकडं बघेनात. पोरी म्हणून हाक नाही, पोरीचं एकदम म्याडम झालं. "म्याडम, ह्यो नमुना घ्या." "म्याडम, उकळा ह्ये." तिला वाटलं, एका वाक्यानं म्हाताऱ्याला तोडलं आपण. त्यापेक्षा साहेबांना मीटिंगमध्ये बोलू दिलं असतं, निदान शिव्या त्यांना गेल्या असत्या.

दुपारी गर्दी ओसरल्यावर तात्या खिडकीशी आले. इकडंतिकडं बघितलं. मग खिडकीच्या कडेला टेकून, रस्त्याकडं बघत म्हणाले, "इंदापूरला भाचीच्या लग्नात पाव्हणा शेजारनं उठला. म्हनला, आंबट दुधाच्या टाकीतनं आलाय काय. समद्यांदेखत. तवापास्नं लावतो."

तिनं हातातली परीक्षानळी बाजूला ठेवली.

"त्यानं समद्यांत सांगितलं म्हून लावलं," तात्या म्हणाले. "तू कागदावर सांगितलंस म्हून काढलं. कळलं न्हवं?"

आणि ते परत डॉकवर गेले.

सोमवारच्या मीटिंगआधी पहाटेचे कॅन आले. आप्पासाहेब त्या दिवशी स्वतः डॉकवर येऊन उभे राहिले, तात्यांच्या गोदामातल्या बदलीची फाइल काखेत. तात्यांनी एकामागून एक झाकणं उघडली. आप्पासाहेबांच्या गावच्या सोसायटीचे कॅन आले, त्यातल्या तिसऱ्यावर ते थांबले. परत हुंगलं. पायानं कॅन बाजूला सरकवला.

साहेब म्हणाले, तो तर आमच्याच गावचा आहे.

"व्हय," तात्या म्हणाले. "लेबल न्हाय वाचलं म्या. वास वाचलाय."

प्रियदर्शनीनं नमुना उकळला. दूध परीक्षानळीत फाटून दाण्यांसारखं झालं. तिनं नळी खिडकीत धरली. साहेबांनी बघितलं, फाइल दुसऱ्या काखेत घेतली, आणि मीटिंगमध्ये फक्त टेम्पोच्या वेळांवर बोलले.

मीटिंग संपल्यावर लोक चहाला पांगले. तात्या लॅबच्या दाराशी रेंगाळले. आता परत पोरी झाली होती. त्यांनी तिला खुणेनं कोपऱ्यात बोलावलं, आवाज खाली घेतला, आणि कधी नव्हे ते अवघडून म्हणाले, "पोरी, तुला येकटीलाच सांगतो. तुजं त्ये माक्याचं त्याल. नमुन्याच्या बाटलीला येतंय."

प्रियदर्शनीचा हात आपोआप वेणीकडं गेला.

"चांगलं हाय," तात्या घाईनं म्हणाले. "पर हितं नगं."