बापूसोकाकांचा डाग

कागलच्या एमआयडीसीत, ओतकामाच्या कारखान्यात जन्म घालवून ज्याच्या पांढऱ्या शर्टावर कधी ठिपका दिसला नाही, असा माणूस एकच, आमचे बापूसोकाका. निवृत्त झाले तरी थाट तोच. कडक इस्त्री, बगळ्यासारखे शुभ्र, आणि जिभेला खोटं बोलायचा सराव शून्य. हे शेवटचं मला त्या मंगळवारी कळलं आणि माझं डोकं फिरलं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझी लाँड्री आहे. सकाळी गिऱ्हाइकांची झुंबड असताना काकांचा फोन आला. "दीपा, फोटो पाठवलाय. डाग कसा काढायचा सांग."

मी बघितलं, तर फोटो पाठवून पुसून टाकलेला.

"काका, डिलीट केलाय तुम्ही. परत पाठवा."

"फोटो न्हाय आता. काढनार बी न्हाय. तू तोंडी सांग की. अरुणा उद्या शिरोळास्नं यायच्या आत निघाया पायजे."

काकू माहेरी गेल्या होत्या. म्हणजे धसका त्यांचाच होता, तोही शर्टाच्या डागासाठी! पण काका रडकुंडीला आले होते.

"बरं. कापड कसलं?"

"चांगलं कापड हाय."

कपाळ माझं! "सुती की टेरीकॉट? मुठीत चुरगळून सोडा. घड्या राहतात का?"

"ऱ्हात्यात."

"म्हणजे सुती. रंग कसला डागाचा?"

"लाल."

"कधी पडला?"

"काल... सकाळी. देवळात. केशराचं गंध सांडलं."

केशर म्हणजे पिवळं, आणि हे म्हणतात लाल. "पडला तेव्हाच लाल होता?"

"न्हाई. तवा पिवळाच हुता. साबन लावला आनि लाल झाला."

साबणानं लाल होते ती हळद, केशर नाही. मी विचारलं, "घरी हळद सांडली का?" तर काका उसळले. "केशर म्हनतोय न्हवं मी! मी काय खोटं बोलतोय?"

समोर गिऱ्हाईक पैठणी घेऊन ताटकळत होतं. फोन आपटावासा वाटला. ज्याला औषध हवं त्यानंच रोग लपवायचा, मग वैद्यानं काय करावं? तरी मी दम धरला. "डागाच्या कडेला पाण्याचा थेंब टाका. मुरतो का?"

बराच वेळ गेला. "न्हाई. वरच बसलाय."

"मग त्यात तेल आहे काका. गंधात तेल कुठलं? हळद, तेल... कट सांडलाय मिसळीचा. कधी?"

काका हळूच म्हणाले, "संध्याकाळी. दिवं लागल्यावर."

आता मला कळलं. चातुर्मास सुरू झाला तेव्हा काका-काकूंनी जैन मुनी महाराजांपुढं जोडीनं नियम घेतला होता, सूर्य मावळल्यावर खायचं नाही, कांदा-लसूण वर्ज्य. काकू घरी नाहीत म्हटल्यावर म्हाताऱ्याची जीभ सुटली होती. मला हसू यायला हवं होतं, पण रागच आला. पहिल्याच वाक्यात हे सांगितलं असतं तर एवढा खेळ झाला नसता.

"ऐका. गरम पाणी लावू नका, इस्त्री तर मुळीच नको. शर्ट वाळू द्या, भांड्यांचा पातळ साबण डागावर चोळा, जरा वेळ ठेवून गार पाण्यात धुवा. तेल गेलं की साबण पुरता खळबळून काढा, लाली उतरून पिवळा राहील. मग ओलाच उन्हात टाका. हळद उन्हात उडते. न गेल्यास पुन्हा तसंच."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला, आवाजात दिवाळी. "गेला बघ! कळतसुद्धा न्हाई!"

संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज शांत होता.

"दीपा, शर्ट कुनाला विचारून धुतला ह्यांनी? तुलाच न्हवं?"

"काकू, ते..."

"लपवू नगस. फोटो आधी मलाच आलता, चुकून. मग ह्यांनी घाईत पुसला, पन निस्ता त्यांच्या फोनातला. माझ्यात हाय अजून. शर्टाजवळ ताटली दिसतीया, पाव दिसतोय, आन वर दिवा लागलाय."

मी इस्त्री बंद केली.

"आल्या आल्या इचारलं, तर म्हनले, केशर. मी म्हनलं, बरं." काकूंचा आवाज आता कापायला लागला. "मिसळीचं काय न्हाय गं, मानूस चुकतंय. पन तिकडं शिरोळात सगळी भावंडं रात्री गोल करून जेवत हुती. मी दिवस मावळायच्या आत एकटीच ताटावर बसत हुते. म्हनलं, कोल्हापुरात हे बी आत्ताच बसलं असतील."