हात वर करायला लावणारा प्रश्न

सात मार्च. महिला दिनाचं भाषण लिहून पक्कं करत होते. खानापूरकडच्या गावांत मी बचत गटांपुढे बोलते. बायकांनी हात कुठे वर करायचे, ते आधीच ठरवून ठेवते. पहिला प्रश्न सोपा: "आज पाचच्या आधी कोण उठलं?" आधी माझा हात वर जातो, मग सगळ्यांचे. "मार खाणं हा संसाराचा भाग आहे का?" या प्रश्नाला मात्र उत्तर नको असतं. तो विचारून मी क्षणभर थांबते आणि पुढे बोलते. यंदा तो खोडून मी लिहिलं, "ज्यांना मार बसतो त्यांनी हात वर करा." सभा जागी राहील, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात पुढच्या रांगेतल्या एकीनं हात वर केला. एकटीनंच. बायकांना न्यायला आलेले पुरुष दारात उभे होते.

"लई मारतो व्हय गं मी?" म्हणत तिचा नवरा आत घुसला. केस धरून त्यानं तिला पाडलं आणि तोच हात बुटाखाली चिरडला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. मी माइकचा दांडा त्याच्या खांद्यात घातला, तेव्हा चौघींनी त्याला ओढून काढलं.

"आक्का, तुम्हीच इचारलासा न्हवं?" ती कण्हत म्हणाली.

रात्र तिनं दवाखान्यात काढली. सकाळी मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि तो प्रश्न मी विचारला होता, हे माझ्या जबाबात आधी लिहायला लावलं.