मधला रिकामा आठवडा

माझ्या कंपनीत वीस वर्षं टिकलेल्या माणसाला तीन महिन्यांची भरपगारी सुट्टी मिळते. टिकणारे फार नसतात, म्हणून कंपनीला ती परवडते. मला ती मिळाली तेव्हा मी वर्षभर धड झोपले नव्हते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मान तपासली, आणि शेवटी म्हणाले, गोळ्यांच्या आधी विश्रांती घेऊन बघा. मला फिरायला जायचं नव्हतं, झोपायचं होतं. पण पार्ल्यातल्या आमच्या घरात दारावरची बेल आणि फोन यांच्यामधून झोप शोधायची म्हणजे कठीण, म्हणून सावकाश प्रवास ठरला.

सावकाश हा शब्द माझ्या नवऱ्याला कळायला वेळ लागला. नुकताच निवृत्त झाल्यामुळे त्याच्याकडे उत्साहाचा साठा होता. त्यानं लॅपटॉपवर नऊ प्रदेश मांडले, सुरुवात हिमालयापासून. "अंगात ताकद आहे तोवर उंचावरचं उरकून घेऊ," तो म्हणाला. उरकून घेऊ हे त्याचं सहलीचं ब्रीद आहे. लग्नानंतर आम्ही उटी उरकलं होतं.

म्हणून मी त्याला घाटकोपरला नेलं. पूर्वी माझ्या हाताखाली काम केलेली एक मुलगी तिथे घरून असे लांबचे प्रवास आखून देते. ऑफिसात ती मला मॅडम म्हणायची, आता काकू म्हणते. मी ते सहन करते, कारण ती कामात पक्की आहे.

तिनं नऊ प्रदेश पाहिले आणि त्यातले सहा उडवले.

"काका, दर वेळी जागा बदलली की एक दिवस सामान बांधण्यात जातो, एक प्रवासात, आणि नव्या गादीवर पहिल्या एकदोन रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही. काकूंना झोप हवी आहे ना? मग जागा कमी."

मग तिनं क्रम उलटा केला. जानेवारीत कारवारच्या खाली, कुमठ्याजवळचा किनारा: सपाट चाल, मऊ हवा, काही बघायलाच हवं असं नाही. फेब्रुवारीत नर्मदेकाठी महेश्वर, ऊन तापायच्या आत. कुमाऊंचे डोंगर मार्चमध्ये, कारण तोवर तिथली थंडी सोसण्याइतकी होते आणि आपले पायही चालायला सरावलेले असतात. "थकलेल्या माणसाला आधी डोंगर देत नाहीत," ती म्हणाली. किनारा आणि महेश्वर यांच्या मध्ये तिनं एक आठवडा कोरा सोडला. वाटेत मुंबई लागतेच, तर घरी या, कपडे बदला, आणि कुणालाही न सांगता पडून राहा.

कोरा आठवडा पाहून नवरा अस्वस्थ झाला. "यात काय करायचं?"

"काहीच नाही."

"पण काहीतरी लिहून ठेव ना."

तिनं लिहिलं, काहीच नाही.

इथे आम्ही जी चूक केली ती आमच्यासारखीच माणसं करू शकतात. आम्हाला रिकामा आठवडा बघवत नाही, तसंच रिकामं घरही. घर तीन महिने बंद राहणार म्हटल्यावर नवऱ्यानं आणि मी, दोघांनी एकमतानं, रंगकाम काढलं. भिंती खरवडलेल्या घरात राहता येणार नाही हे ध्यानात आलं तेव्हा मुलुंडची माझी नणंद म्हणाली, "वेडी आहेस का गं, माझं घर काय परकं आहे? आठवडाभर आराम कर." मी घाटकोपरला कळवलं. तिकडून उत्तर आलं: "काकू, पाहुणचारात आराम नसतो. गेस्ट हाऊस बघू का?" सख्खी नणंद मुलुंडला असताना गेस्ट हाऊसमध्ये राहायचं म्हणजे पुढची दहा वर्षं त्याचा जाब देत बसायचं. मी नको म्हटलं.

किनारा झकास गेला. पहिला आठवडा मी नुसती चिडचिड केली. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी वाचता वाचता झोप लागली ती थेट दिवेलागणीला जाग आली. मला रडू आलं. तिसऱ्या आठवड्यात रात्रीही झोपू लागले, आणि त्याच झोपेच्या भांडवलावर आम्ही मुलुंडला उतरलो.

हळदीकुंकवाचे दिवस होते. रथसप्तमीपर्यंत सवाष्णीची सुटका नसते, त्यात मी बाहेरगावाहून आलेली. नणंदेनं दोन दिवस आपल्याकडे बायका बोलावल्या आणि उरलेले दिवस मला त्यांच्याकडे नेलं. प्रत्येक घरी मला विचारलं जाई, "काय काय पाहिलंत?" मी म्हणे, समुद्र. "आणि?" आणि काही नाही म्हटलं की माझ्याकडे करुणेनं पाहून आणखी एक लाडू वाढला जाई. घरी रोज चार भाज्या. "तिथे तुमचे खाण्याचे हाल झाले असतील," असं म्हणत नणंद सकाळी सहालाच कुकर लावायची, आणि ती उठली म्हणून मीही उठायची, कारण वहिनीनं लोळत पडणं बरं दिसत नाही. नवरा मात्र घोरत असे.

चौथ्या दिवसापर्यंत माझी झोप साफ उडाली. डोकं पुन्हा जड झालं. दुपारी खोलीचं दार लोटून मी घाटकोपरला फोन लावला.

"वाट लागली माझी. तीन आठवड्यांत कमावलेलं सगळं इथे गेलं. पाहुणचारानं मेले मी."

ती शांतपणे म्हणाली, "हरकत नाही. हुकलेली विश्रांती पुढच्या जागी आधी घ्यायची. महेश्वरचा पहिला आठवडा कोरा करते, मांडू आणि ओंकारेश्वर काढून टाकते. कुमाऊंतल्या दोन गावांपैकी एकच ठेवू. काकांना मी सांगते."

फोन ठेवून वळले तर दारात नणंद, हातात कोकम सरबताचे दोन पेले. तिनं सगळं ऐकलं होतं हे तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. एवढं राबलेल्या बाईला मी काय ऐकवलं होतं.

तिनं पेले खिडकीत ठेवले आणि पलंगावर बसली.

"मी पण मेले गं," ती म्हणाली. "तुम्ही शनिवारी गेलात की दोन दिवस उठणार नव्हते मी. ते गुडघे बघ माझे."

गुडघे सुजलेले होते. मग आधी मी हसले, मग ती. नंतर दोघी आडव्या झालो आणि संध्याकाळचं हळदीकुंकू चुकवलं. रात्रीची खिचडी नवऱ्यानं लावली, तळाला लागलेली.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "त्या नदीकाठच्या घरात तिसऱ्या माणसाला जागा आहे का, विचार ना तुझ्या त्या घाटकोपरच्या मुलीला." जागा होती. नवऱ्यानं बहिणीला घाटावरच्या देवळांची नावं सांगायला सुरुवात केली, तिनं ती ऐकली नाहीत.

महेश्वरला पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. आम्ही तिला उठवलं नाही. तिसऱ्या सकाळी ओसरीवर येऊन बसली, चहाचा पेला तिच्या हातात आयता आला, आणि तिनं तो असा धरला की जणू कुणाला तरी पुढे द्यायचा आहे. त्या रात्री मलाही झोप लागली.

आठवड्यानंतर ती मुलुंडला परत निघाली. गाडी दाराशी येऊन थांबली होती. माझ्या सुट्टीबद्दल तिनं कधी काही विचारलं नव्हतं, ते आता विचारलं.

"तुमच्याकडे ही सुट्टी किती वर्षांनी देतात गं?"

"वीस."

तिनं मनाशी हिशेब केला. तिच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली आहेत.

"म्हणजे माझ्या दोन बुडाल्या," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून गाडीकडे चालू लागली.