गुणी बाळ

डोंबिवलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला फसवलं, तेही एका गोड शब्दाने.

साड्यांचा धंदा मी एकटीने उभा केला. भावात मला कुणी गंडवलेलं नाही. नवव्या महिन्यात बाईंनीच शिकवलं होतं, जेवून डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळाच्या लाथा मोजायच्या. एका दुपारी त्या फारच कमी भरल्या. तशीच दवाखान्यात गेले. बाईंनी पोटाला नळी लावून ऐकलं.

"ठोके आहेत की! गुणी बाळ आहे, आईला त्रास देत नाही. घरी जा."

"बाई, ते ठोक्यांचा आलेख काढायचं मशीन लावा ना," मी कोपऱ्यात कापडाखाली झाकलेल्या मशीनकडे बोट दाखवलं.

"अगं, इथेपण घासाघीस?" त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हालचाल थांबली. ठाण्याला नेलं, तर सोनोग्राफीत हृदय बंद. तिथले डॉक्टर म्हणाले, "नुसते ठोके ऐकून भागत नाही. हालचाल कमी झाली की त्याच दिवशी ठोक्यांचा आलेख काढतात, बाळ हललं की ते वाढतात का बघतात. सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणीही मोजतात."

बाई, तुमचा दवाखाना अजून चालतो. माझं बाळ गुणी नव्हतं, थकत चाललं होतं. ते कापड का काढलं नाहीत? उत्तर द्या.