कूलरच्या घरघरीतला आवाज

धुरपताबाईंविषयी प्रभाकररावांना तसं फारच थोडं ठाऊक होतं. देवळीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वीस वर्षं काम केलेलं, नवरा नत्थूजी वर्ध्याच्या दवाखान्यात खाटेवर, एवढंच. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात प्रभाकरराव दवाखान्याच्या कानाच्या विभागासाठी जिनिंगच्या बायांचे आवाज टेप करत होते. एकदा शांत खोलीत, एकदा कानांवर हेडफोनमधून गोंगाट सोडून, म्हणजे टेपवर फक्त बोलणं उतरावं.

बाईंनी स्वतःहून विचारलं, "साहेब, मी वार्डात बोलतो तं आमचे हे म्हणते, रागावू नको. मी रागावत नाई. माह्या आवाजात राग असते का, पाहून सांगा."

नत्थूजींच्या खाटेजवळ कूलर घरघरत असे. गोंगाटात स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत जोर लावतो, हे प्रभाकररावांना ठाऊक होतं. पण बाईंचं बोलणं टेप करताना रेकॉर्डरवरची जोर दाखवणारी सुई दोन्ही वेळा एकाच जागी हलत राहिली.

"गोंगाटाने तुमच्या आवाजात फरक पडत नाही," ते म्हणाले. "सूरच वरचा असेल. जरा सांभाळून बोलत जा."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या खाटेजवळ मुक्यानं बसू लागल्या. पाणी पाजत, पाय चेपत.

"काऊन रुसली?" नत्थूजी विचारत. त्या मान हलवत.

टेप आलेख काढायला पुण्याला गेली होती. बाराव्या दिवशी कागद आले. शांततेत गळ्याची कंपनं सेकंदाला दोनशे दहा, गोंगाटात दोनशे पासष्ट. 'आ', 'ई', 'ऊ' या स्वरांच्या खुणा जोडून झालेला कागदावरचा त्रिकोणही पसरलेला. ऐकणाऱ्याला शब्द वेगळे कळावेत म्हणून बाईंनी तोंड मोठं उघडलं होतं. सूर चढला, तोंड उघडलं, मग जोर तेवढाच कसा?

प्रभाकररावांनी टेपरेकॉर्डर उलटा करून पाहिला. तो मोठा आवाज आपोआप दाबून, बारीक आवाज उचलून पातळी सारखी करणारा होता. जोर मोजायचा तर ओठांपासून हातभर अंतरावर ध्वनिमापक धरायला हवं होतं.

ते मापक घेऊनच वार्डात गेले. खाट रिकामी होती. नत्थूजी आदल्या दिवशी सकाळी गेले होते.

बाई मृत्यूच्या दाखल्यासाठी आल्या, तेव्हा प्रभाकररावांनी त्यांना खोलीत बसवलं, पंखा बंद केला. "चूक माझी झाली, बाई. तो राग नव्हता. कूलरमुळे आवाज चढत होता. तो बंद केला असता तर आपोआप उतरला असता."

"मंग राग नव्हता नं?"

"नव्हता."

"त्याईले सांगाचं राह्यलं."

इतका हळू आवाज प्रभाकररावांनी बाईंचा कधी ऐकला नव्हता. मापक टेबलावरच पडून होतं.

"पंखा लावा साहेब, घामेघूम झाले तुम्ही."

"असू द्या. बस किती वाजता?"

"सव्वाचारची हाय."

"सावकाश जा."

"हो. येतो मी."