झरीनचे एक्केचाळीस शेरे

झरीन शेख चिडली की कीबोर्ड आपटत नाही, बोलणं आखूड करते. नळदुर्गच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. सोमवारी सकाळपासून ती "हं" आणि "नको" यांच्या पलीकडं गेली नव्हती, तेव्हा तिच्या आईनं, सायराबीनं, चहाचा कप टेबलावर ठेवला आणि विचारलं, "आज किसपे गुस्सा है गे?"

"नको अम्मी," झरीन म्हणाली. सायराबी खाली गेली.

राग भागवतवर होता. भागवत मुरुमचा, सहा महिन्यांच्या परीक्षेवर घेतलेला नवा डिझायनर. कंपनी पुण्याची, पण झरीन नळदुर्गात हायवेलगतच्या घराच्या माडीवरून काम करी आणि भागवत मुरुमातून. जनावरांच्या लसीकरणाचं एक अॅप चाललं होतं. त्या अॅपची बटणं, रकाने, चिप्स असे सगळे तयार सुटे भाग फिग्मा नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका लायब्ररीत ठेवलेले असतात. एकदा नीट रचले की पन्नास स्क्रीनवर तेच वापरायचे. ती लायब्ररी भागवतनं वाढवली होती आणि तपासायचं काम झरीनकडं आलं होतं. पुण्याच्या रणधीर सरांनी शुक्रवारीच स्पष्ट सांगितलं होतं, "तुझ्या रिपोर्टवर त्याला ठेवायचं की नाही ठरेल. सोमवारी चारपर्यंत दे. आणि हातचं राखू नकोस."

हातचं राखायची सवय झरीनला कधीच नव्हती. तिचे वडील मुनवर शेख यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. शाळेतून आल्यावर ती तिथं बसायची आणि कोणी चुकीच्या खोक्यात बोल्ट टाकला की भांडण काढायची. पुढं सोलापुरात डिग्री झाली, फिग्मा ती घरीच शिकली, आणि दोन वर्षांपूर्वी या लायब्ररीचा पाया तिनंच घातला. त्यातलं अंतराचं माप म्हणजे टोकन. दोन, चार, आठ, बारा, सोळा. कुठल्याही भागाच्या आत कडेला किती जागा सोडायची ते या पाचांतूनच निवडायचं, मनानं आकडा टाकायचा नाही. हा तिचा नियम होता आणि तिला त्याचा अभिमान होता.

आता तिच्यासमोर भागवतच्या चिप्स उघड्या होत्या. चिप म्हणजे "लस बाकी", "पूर्ण झाली" असं दाखवणारी छोटी गोळी. वर पाच, खाली सहा! टोकनला जोडलेलं नाही, हातानं टाकलेलं. बावीस ठिकाणी तेच. नावांचा तर बट्ट्याबोळ. एका संचात स्थितीचं नाव 'State', शेजारच्यात 'state', तिसऱ्यात 'Type', आणि एका चिपचं नाव चक्क 'chip_final_navin'. आतल्या अक्षरांच्या थराचं नाव एका रूपात 'Label', दुसऱ्यात 'Text 2'. म्हणजे एखाद्यानं "लस बाकी" लिहून चिपचं रूप बदललं, की लिहिलेलं पुसलं जाऊन मूळचे शब्द परत येणार. झरीनची कानशिलं तापली. हा पोरगा काम करतो की खेळ करतो?

तिनं भराभर शेरे लिहिले. एकूण एक्केचाळीस. शेवटी एक ओळ लिहिली, 'अंतराच्या टोकनचा नियम वारंवार सांगूनही पाळलेला नाही. शिस्त नाही.' ती ओळ लिहिताना तिला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला.

पण नुसते शेरे दिले तर रणधीर सर म्हणतील, दुरुस्त कसं दिसेल ते दाखव. म्हणून तिनं एक चिप घेतली, नाव नीट केलं, थराचं नाव 'Label' केलं, वर-खाली दोनचं टोकन जोडलं. इंग्रजीत 'Pending' होतं, ते झकास बसलं. मग अॅप मराठी आहे म्हणून तिनं "पूर्ण झाली" टाकलं.

उकार खालून कापला गेला. वरचा रफार अर्धा.

तिनं चारचं टोकन जोडलं. उकार कडेला टेकला. आठचं जोडलं, चिप बटणाएवढी फुगली आणि शेजारचं नाव दोन ओळींवर गेलं. मग तिनं दात-ओठ खात, हातानं, वर पाच आणि खाली सहा टाकलं. चिप अगदी नीट दिसली.

दोन वर्षांपूर्वी टोकन ठरवताना तिनं एकही चिप मराठीत तपासली नव्हती. सगळं 'Button', 'Label', 'Pending'. अॅप गुराख्यांचं, वापरणार अणदूरचा एखादा बब्रुवान नाहीतर मुरुमची एखादी कोंडाबाई, आणि तिनं माप घेतलं ते इंग्रजीवर. कोणी सांगितलं नाही म्हणावं, तर तिला काहीतरी पुसट आठवलं. तिनं रिझॉल्व्ह केलेल्या, म्हणजे निकाली काढून बंद केलेल्या, कमेंट्स दाखवायचं बटण दाबलं.

तीन होत्या. भागवतच्या. पहिली जूनची, 'मॅडम, मराठी अक्षराला दोन कमी पडतं, चार टेकतं. एक नवं टोकन करू का?' खाली झरीनचं उत्तर, 'ठरलेलं वापर.' दुसरी जुलैची, स्क्रीनशॉटसह, खाली 'आधी सांगितलंय.' तिसरीला उत्तरच नव्हतं. नुसती बंद केलेली. तिनं स्क्रीनशॉट उघडूनही पाहिला नव्हता. आता उघडला. तोच कापलेला उकार.

स्वतःची इतकी चीड तिला यापूर्वी कधी आली नव्हती. पावणेचार झाले होते. रिपोर्टमधले अंतराचे बावीस शेरे आणि शेवटची शिस्तीची ओळ तिनं काढून टाकली आणि सर्वांत वर लिहिलं, 'अंतराची टोकनं माझी होती आणि ती मराठीसाठी चुकीची होती. भागवतनं तीनदा सांगितलं, मी तिन्ही वेळा बंद केलं. उरलेले एकोणीस शेरे नावांचे आहेत, ते खरे आहेत.' आणि पाठवून दिलं.

रणधीर सरांचा फोन लगेच आला. "हे काय लिहिलंयस? क्लायंटला ही लायब्ररी तुझ्या नावावर दाखवलीय मी. टीम लीडच्या जागेसाठी तुझं नाव पुढं करणार होतो. वरची ओळ काढ, बाकी राहू दे."

"नाही काढणार."

"मग तुझ्या लीडचं विसर."

"विसरले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं भागवतला फोन लावला. मोठं काहीतरी केल्याचं थोडं वाटत होतं, नाही म्हणायला. तिनं त्याला सगळं सांगितलं, वरची ओळही वाचून दाखवली.

"मॅडम," तो म्हणाला, आणि ऑफिसातली सांभाळून बोलायची भाषा त्याच्या तोंडातून गळून पडली, "म्या तीनदा लिवलं. तिसऱ्याला रात्री झोप न्हाय आली मला, वाटलं आपलंच डोकं फिरलंय. आता तुमची चूक तुमी सुधारली, त्यात माझ्यावर उपकार कसला?"

"उपकार नाही म्हणत मी."

"आवाज तसाच येतोय."

झरीनच्या ओठावर चार कडक शब्द आले. ते तिनं गिळले.

"नावांचा घोळ माझाय," तो म्हणाला. "लई घाई केली त्यात. उद्या संध्याकाळपर्यंत एकोणीसच्या एकोणीस नीट करतो. नवं टोकनबी बनवतो. पण एक सांगू? आजपासून माझी कमेंट तुमी बंद करायची न्हाय. काम झालं का न्हाय ते बघून मीच बंद करीन."

अशा आवाजात तिच्याशी कोणी बोललं नव्हतं, बापानंसुद्धा नाही.

"बरं," झरीन म्हणाली.