उण्याची खूण

मोजणी कार्यालयात त्याला सगळे उणेराव म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनीही भाषणात तेच नाव घेतलं आणि सगळे हसले. तोही हसला, पण त्याला आठवली ती आक्का. हे नाव खरं तर तिच्यामुळे पडलं होतं आणि ते ऐकायला आज ती नव्हती.

आक्का म्हणजे कार्यालयाची गणित तपासणारी बाई. कानावर पेन्सिल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. खिडकीशेजारचं तिचं टेबल आणि हँडल फिरवायचं बेरजेचं यंत्र, दोन्हीही खडखडायची. तो नवा असताना तिनं त्याला कोपऱ्यांवरून क्षेत्रफळ काढायला शिकवलं. प्रत्येक कोपऱ्याचे दोन आकडे, आधी पूर्वेचं अंतर, मग उत्तरेचं. या कोपऱ्याचं पूर्व गुणिले पुढच्याचं उत्तर, त्यातून पुढच्याचं पूर्व गुणिले याचं उत्तर वजा. असं शेवटच्या कोपऱ्यावरून पहिल्यावर येईपर्यंत करायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि तिचं अर्ध घ्यायचं.

"आपण जमीन नेहमी उजव्या हाताला ठेवून चालतो, घड्याळाच्या काट्यासारखं," आक्का म्हणायची. "म्हणून आपली बेरीज नेहमी उणे यायला हवी. उलट चाललास तर अधिक येईल."

"पण जमीन कधी उणे असते का, आक्का?"

"जमीन नसते. उणे हे तू कुठून कसा फिरलास ते सांगतं. ते पुसू नकोस."

त्याला मात्र ते उणे डोळ्यांत खुपायचं. कागदावर लाजिरवाणं वाटायचं, म्हणून तिनं तपासून दिल्यावर तो गुपचूप ब्लेडनं खरवडून टाकायचा. नव्या हाताला अक्कल उशिराच येते.

एका सकाळी विहीरवाली बाई बाकावर येऊन बसली. तिच्या जमिनीच्या उत्तरेकडच्या लांब टोकाशी विहीर होती आणि शेजारी म्हणत होता, विहीर आपल्याच हद्दीत आहे. नकाशा आज सही होऊन तिच्या हाती पडायचा होता. शेतावर मोजलेल्या वहीतून आकडे उतरवून तो गणिताला बसला. चार कोपरे. बेरीज आली सहा हजार पाचशे. अर्ध तीन हजार दोनशे पन्नास चौरस मीटर, जुन्या नोंदीशी अगदी तंतोतंत! आणि खरवडायला आज उणेही नव्हतं. तो खुशीत कागद घेऊन आक्काकडे गेला.

आक्कानं कागद पाहिला. चष्मा वर केला.

"आज उणे कुठाय?"

"आलंच नाही. क्षेत्र तर जुळलं ना?"

"क्षेत्र जुळणारच रे. आण बघू वही."

दुसऱ्याच ओळीवर तिचं बोट थांबलं. दुसरा कोपरा शेतावरच्या वहीत होता पूर्व दहा, उत्तर ऐंशी. त्याच्या कागदावर पूर्व ऐंशी, उत्तर दहा. चारही कोपऱ्यांचे रकाने त्यानं उलटे उतरवले होते. त्यामुळे क्षेत्र तेवढंच राहिलं, पण जमीन आरशात पाहिल्यासारखी पालटली. आक्कानं पेन्सिलीनं दोन्ही आकृत्या काढल्या. खऱ्या आकृतीत लांब टोक उत्तरेला होतं, विहीर त्याच्या पोटात. त्याच्या आकृतीत ते टोक पूर्वेला वळलं होतं आणि विहीर साफ शेजाऱ्याच्या बाजूला उघडी पडली होती.

त्यानं वळून पाहिलं. बाकावरची बाई पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. सही झाली असती, तर तो कागद परत फिरवायला तिला जन्म पुरला नसता.

साहेबांनी विचारलं, "उशीर का?"

"माझ्या नजरेतून सुटलं," आक्का म्हणाली आणि यंत्राचं हँडल फिरवायला लागली. तो तिच्या शेजारी उभा राहून रकाने वाचत गेला. बेरीज आली उणे सहा हजार पाचशे. ते उणे त्यानं स्वतःच्या हातानं ठळक काढलं. बाईला मात्र नकाशा पुन्हा काढून होईपर्यंत, दुपारचं जेवण चुकवून संध्याकाळपर्यंत बसावं लागलं. जाताना ती पुटपुटत गेली.

त्यानंतर त्यानं एकही उणे पुसलं नाही. आक्का गेल्यावर तिचं टेबल त्याच्याकडे आलं. पुढे संगणक आले आणि उणे गिळून नुसतं क्षेत्र दाखवायला लागले, तर तो पदरमोड करून आणलेल्या वहीत आधी चिन्ह काढायचा. पोरं हसायची, तो हसू द्यायचा.

निवृत्तीचा हार हातात घेऊन तो घरी निघाला, तो त्या विहिरीवरून. बाई आता फार म्हातारी झाली होती. तिनं त्याला ओळखलं आणि तांब्याभर गार पाणी दिलं.

"तुम्हीच ना ते मोजणीवाले? एका कागदासाठी मला दिवसभर उपाशी बसवून ठेवलं होतंत! विसरले नाही मी."

त्यानं पाणी पिऊन तांब्या परत केला.

"हो आजी," तो म्हणाला, "चूक माझी होती."